सेटलमेंट की पूर्ण परतफेड: रिपोर्टमध्ये काय उमटतं आणि पुढच्या कर्जाला ते कुठे अडतं

प्रश्न: पर्सनल लोनचे एकूण १,८०,००० बाकी आहेत, आठ हप्ते थकलेत. वसुलीवाले म्हणतात ९०,००० एकरकमी भरा, खातं बंद करून नो ड्यूज देतो. दोन-तीन वर्षांनी घरासाठी २५ लाखांचं कर्ज काढायचं आहे. ९०,००० भरून मोकळं व्हावं का?

उत्तर:

घराचं कर्ज खरंच काढायचं असेल, तर ९०,००० वर लगेच हो म्हणू नका. वसुलीवाले खोटं बोलत नाहीत. खातं बंद होईल आणि नो ड्यूजही मिळेल. पण बहुतेकांची गफलत इथेच होते, कारण सेटलमेंट म्हणजे कमी रकमेत तडजोड करा किंवा पूर्ण परतफेड करा, नो ड्यूज सर्टिफिकेट दोन्ही वाटांनी मिळतं. त्याचा अर्थ एवढाच की बँक आता तुमच्याकडे पैसे मागणार नाही. बँकेने सिबिलला काय कळवलं, हे त्या कागदावर नसतं. ते रिपोर्टमध्येच बघावं लागतं.

पूर्ण रक्कम भरून बंद केलेल्या खात्यात Current Balance शून्य, Amount Overdue शून्य आणि Date Closed मध्ये तारीख दिसते. Settlement Amount आणि Written-off Amount हे रकाने रिकामे असतात. सेटलमेंट केलेल्या खात्यातही बाकी शून्यच दिसते, पण Credit Facility Status समोर `Settled` येतं आणि Settlement Amount मध्ये ९०,००० चा आकडा बसतो. पुढच्या बँकेच्या क्रेडिट ऑफिसरला त्यावरून कळतं की या माणसाने ठरलेल्यापेक्षा कमी पैसे दिले आणि उरलेला तोटा आधीच्या बँकेने सोसला. म्हणून स्कोअर सावरलेला असला तरी फाइल या एका ओळीवर अडते. अनेक बँका स्कोअर आणि स्टेटस वेगवेगळे तपासतात.

बँकेने तुमचं खातं आधीच राइट-ऑफ केलं असेल तर शब्द बदलतात. तडजोडीने भरलं तर `Post (WO) Settled`, पूर्ण भरलं तर `Post Write Off Closed`. दुसरा शेरा स्वच्छ नाही, तरी पहिल्यापेक्षा बराच बरा, कारण उशिरा का होईना पण पैसे पूर्ण आले हे त्यातून दिसतं. राइट-ऑफ म्हणजे कर्जमाफी नव्हे, हेही लक्षात घ्या. बँकेने ती रक्कम आपल्या ताळेबंदातून काढलेली असते, तुमची देणेदारी तशीच राहते.

एक गोष्ट मात्र कुठल्याच वाटेने पुसली जात नाही: थकलेल्या आठ हप्त्यांचा इतिहास. प्रत्येक खात्याखाली ३६ महिन्यांपर्यंतची महिनावार पट्टी असते आणि तिच्यात हप्ता किती दिवस थकला तो आकडा येतो. वेळेवर भरलेल्या महिन्यासमोर `000` किंवा `STD`, थकल्यावर ३०, ६०, ९० असे वाढते आकडे, किंवा ९० दिवसांहून जास्त थकलं तर `SUB`. आज पूर्ण पैसे भरले तरी हे आकडे तिथेच राहतात. फरक असा की पूर्ण भरलेल्या खात्यात ती फक्त जुनी थकबाकी असते आणि इतर खात्यांवर वेळेवर भरलेले हप्ते दिसू लागले की तिचं वजन कमी होत जातं. सेटलमेंटमध्ये त्या थकबाकीला बुडालेल्या रकमेचा शेराही जोडला जातो. सिबिलसारख्या क्रेडिट कंपन्यांना माहिती किमान सात वर्षं जपावीच लागते. त्यामुळे ‘दोन वर्षांत आपोआप निघून जाईल’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता तुमच्या १,८०,००० कडे वळू. बोलणी करण्याआधी बँकेकडून स्टेटमेंट ऑफ अकाउंट आणि आज खातं पूर्ण बंद करायला किती लागतील ते सांगणारं फोरक्लोजर स्टेटमेंट मागवा. ईमेलवर मागा, फोनवर नको. त्यात रक्कम फोडून दिलेली असते. समजा ती अशी निघाली: मुद्दल १,३८,०००, व्याज २४,०००, दंड आकार १२,५०० आणि चेक किंवा ई-मँडेट बाउन्सचे ५,५००. म्हणजे मुद्दल आणि व्याज मिळून १,६२,००० आणि वरचे १८,००० निव्वळ आकार. बँका मुद्दल सोडायला कचरतात, पण आकार सोडायला पुष्कळदा तयार होतात. तुमचा प्रस्ताव इथे बसतो: ‘मुद्दल आणि व्याज पूर्ण भरतो, आकार माफ करा आणि खातं `Closed` म्हणून कळवा.’

शेवटचे चार शब्द पत्रात आलेच पाहिजेत. आकार माफ केला की काही बँकांच्या यंत्रणेत ते खातं आपसूक सेटलमेंटच्या खणात पडतं आणि तुम्ही १,६२,००० भरूनही रिपोर्टमध्ये `Settled` उमटतं. बँकेच्या पत्रात ‘वन टाइम सेटलमेंट’ किंवा ‘सेटलमेंट अमाउंट’ असे शब्द दिसले तर पैसे भरू नका, पत्र बदलून मागा. कर्ज खात्याचा नंबर, नेमकी रक्कम, भरण्याची शेवटची तारीख, आकार माफ केल्याचा उल्लेख आणि क्रेडिट कंपन्यांना पूर्ण परतफेड म्हणून कळवू हे वाक्य, एवढं असलेलं पत्र बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवरून यायला हवं. वसुली एजन्सीच्या माणसाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज इथे कामाचा नाही. पैसे थेट कर्ज खात्यातच भरायचे, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही.

९०,००० आणि १,६२,००० यांतला फरक ७२,००० चा. रक्कम मोठी आहे, पण ती तुमच्या पुढच्या कर्जासमोर ठेवून बघा. २५ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे २१,७०० बसतो. `Settled` च्या शेऱ्यामुळे नेहमीची बँक नाही म्हणाली आणि एखाद्या हाउसिंग फायनान्स कंपनीने साडेनऊ टक्क्यांनी दिलं, तर हप्ता सुमारे २३,३०० होतो. महिन्याला १,६०० रुपये जास्त. आज वाचवलेले ७२,००० पावणेचार वर्षांत संपतात आणि नंतरची सोळा वर्षं तोटाच. कर्ज मिळालंच नाही तर हा हिशेबही लागू होत नाही.

दुसरा अडथळा खुद्द त्याच बँकेचा. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार, तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच संस्था शेतीकर्ज सोडून नवं कर्ज किमान १२ महिने देऊ शकत नाही, आणि संस्थेला हा काळ वाढवण्याची मुभा आहे. व्यापारी बँका, अर्बन को-ऑपरेटिव्ह बँका, एनबीएफसी सगळ्यांना हे लागू आहे. दुसऱ्या बँकांवर अशी बंदी नाही, तिथे त्यांचं स्वतःचं धोरण चालतं.

एक तिसरी वाटही विचारून घ्या, कारण वसुलीवाले ती स्वतःहून सांगत नाहीत. कर्जाची मुदत अजून शिल्लक असेल आणि बँकेने पूर्ण कर्ज परत मागितलं नसेल, तर १,८०,००० एकदम भरायची गरजच नाही. थकलेले सगळे हप्ते, त्यांच्या व्याजासह, भरले की खातं नियमित होतं. ९० दिवसांहून जास्त थकल्यामुळे बँकेने खातं एनपीए म्हणजे थकीत कर्ज ठरवलं असेल तरी तेच, फक्त थकबाकी पूर्ण भरली पाहिजे, थोडी थोडी भरून भागत नाही. घरकर्जासाठी दोन-तीन वर्षं हाताशी असताना हा पर्याय मला सर्वांत चांगला वाटतो. त्याच खात्यावर पुढचे हप्ते वेळेवर पडलेले दिसतील आणि थकबाकी पट्टीत मागे सरकत जाईल.

आणि खरोखर जमणारच नसेल तर? नोकरी गेलीय, आजारपण आहे, १,६२,००० कुठूनच उभे राहत नाहीत, अशा वेळी सेटलमेंट करावी. थकलेलं खातं तसंच सोडलं तर व्याज चढत राहतं आणि एक दिवस `Written-off` चा शेरा येतो. तो `Settled` पेक्षा वाईट, कारण तिथे बाकीही उघडीच दिसते. मात्र सेटलमेंटचे पैसे भरायला लोन अ‍ॅपवरून उसनवारी करू नका. तेही खातं त्याच रिपोर्टमध्ये येतं.

सेटलमेंट करूनही वाट पूर्ण बंद होत नाही. हात सैल झाल्यावर त्याच बँकेला लिहा की सोडलेली रक्कम भरायची आहे आणि ती भरल्यावर स्टेटस `Closed` करून द्या. बँकेवर तसं बंधन नाही, पण पुष्कळ बँका मान्य करतात. इथेही आधी लेखी होकार, मग पैसे. खातं मधल्या काळात एखाद्या एआरसीला, म्हणजे बँकांची थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकलं गेलं असेल, तर पत्र त्या कंपनीकडून घ्यावं लागेल. रिपोर्टमध्ये मूळ बँकेची आणि एआरसीची अशा दोन नोंदी असू शकतात, दोन्ही तपासा.

पैसे भरल्यावर रिपोर्ट लगेच बदलत नाही. जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती कळवावी लागते, म्हणून महिनाभर थांबून रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडूनही वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. चारही बघा, कारण एकीकडे `Closed` आणि दुसरीकडे जुनीच बाकी, असं घडतं.

चूक दिसली तर क्रेडिट कंपनीच्या साइटवर डिस्प्यूट टाका आणि बँकेत तक्रारी बघणाऱ्या नोडल ऑफिसरला त्याच दिवशी ईमेल करा, सोबत ते पत्र, भरल्याची पावती आणि नो ड्यूज. सिबिल स्वतःहून नोंद बदलत नाही, बँकेने दुजोरा दिल्यावरच बदलते. म्हणून नुसत्या डिस्प्यूटवर विसंबू नका. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तीस दिवसांनंतरही उत्तर नसेल किंवा पटत नसेल, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

तेव्हा आज करायचं काम एवढंच: स्टेटमेंट मागवणारा ईमेल पाठवा, आणि १,८०,००० पैकी थकलेले हप्ते किती आणि पुढचे न आलेले हप्ते किती, हे त्यातच विचारा. तो आकडा इथे टाकलात तर बँकेला कोणता प्रस्ताव द्यायचा ते नेमकं सांगता येईल.