टाकी उपसायची की सोकपिट बघायचं?

प्रश्न: वर्षापूर्वीच सेप्टिक टँक उपसली होती, काल झाकण उघडलं तर परत काठोकाठ. परत गाडी बोलवायची का? टँक भरली हे ओळखायचं कसं, आणि सोकपिट नेमकं करतं काय?

गाडीला फोन करू नका, निदान आज तरी नको. मी याच गोष्टीत दोन महिन्यांत तीन गाड्या बोलावल्यात आणि तिन्हीचे पैसे अक्षरशः गटारात घातलेत, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, सेप्टिक टाकी (आमच्या सोलापुरात अर्धं गाव तिला सेफ्टी टँक म्हणतं) ही कायम भरलेलीच असते. नवीन बांधल्यावर काही दिवसांत ती आउटलेटच्या पाइपापर्यंत भरते आणि मग जन्मभर तेवढीच राहते, इकडून जेवढं पाणी आलं तेवढंच तिकडून सोकपिटात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यात, जातं. टाकीचं काम फक्त पाण्याला दीड-दोन दिवस शांत ठेवायचं, म्हणजे जड ते तळाला बसतं, तेलकट-हलकं ते वर सायीसारखं तरंगतं आणि मधलं पाणी आउटलेटच्या टी आकाराच्या पाइपातून पुढे जातं. तळाचा गाळ जंतू हळूहळू खातात पण सगळा खात नाहीत, उरलेला साठत जातो आणि उपसायचा असतो तो हा गाळ, पाणी नव्हे. त्यामुळे झाकण उघडून "भरली भरली" म्हणून ओरडण्यात काही अर्थ नाही, बघायचं ते पाणी आउटलेटच्या पाइपाच्या कुठे आहे. पाइपाच्या बुडाशी असेल तर सगळं ठीक चाललंय. पाइप बुडून पाणी वर चढलं असेल तर ते पुढे जात नाहीये, म्हणजे दोष सोकपिटाचा किंवा मधल्या पाइपाचा.

आता आमची गोष्ट. जुळे सोलापुरात आमचं घर बांधलं 2009 ला. मी तेव्हा पुण्यात नोकरीला, त्यामुळे बांधकामावर देखरेख आमच्या दाजींची. दाजी म्हणजे दाजी, त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. टाकी चांगली बांधली, खोटं कशाला बोलू, आतून 8 बाय 4 फूट आणि पाणी 4 फूट उभं राहील अशी, म्हणजे साधारण 3600 लिटर. घरात सहा माणसं, त्या मानाने टाकी मोठीच. घोळ झाला तो सोकपिटाच्या खड्ड्यात. प्लॉटवर वरची पाच फूट काळी माती, खाली मुरूम. खड्डा खणला पाच फुटाचा, म्हणजे सगळा काळ्या मातीत, मुरूम लागायच्या आतच थांबले. मी फोनवर म्हटलं, दाजी अजून खाली जाऊ द्या. तर म्हणाले, "मी स्वतः दोन बादल्या पाणी ओतून बघितलंय, घटाघटा प्यायली जमीन. तू तिकडं बसून मला शिकवू नकोस."

हे दोन बादल्यांचं पाणी ओतलं होतं मे महिन्यात. सोलापूरच्या काळ्या रानाला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे, तेव्हा पाणी मातीत मुरलं नाही, भेगेत पडलं. तीच माती पाऊस पडला की फुगते, भेगा मिटतात आणि मग ती पाणी पीत नाही, धरून ठेवते. सोकपिटाला मातीने पाणी प्यायला हवं, एवढंच त्याचं काम आहे, त्यात दुसरी काही जादू नाही.

वर पार्किंगला टाइल्स बसवताना टाकीचं झाकण टाइल्सखाली गाडलं, दिसायला बरं दिसत नाही म्हणून! आणि बाथरूमचं, वॉशिंग मशीनचं पाणीही त्याच टाकीत जोडलं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे पाण्याच्या दिवशी अख्खं घर धुणं काढतं, फरशी धुतं, आंघोळी जोरात. म्हणजे इतर दिवशी 500-600 लिटर जाणाऱ्या टाकीत त्या एका दिवशी दीड-दोन हजार लिटर आणि तेही सकाळच्या तीन-चार तासांत. असा लोंढा आला की टाकीत काही शांत बसत नाही, गाळ ढवळतो आणि पाण्याबरोबर सोकपिटात जातो. तिथे खड्ड्याच्या भिंतीला काळा बुळबुळीत थर धरतो आणि होती नव्हती ती मातीची छिद्रं बुजतात.

नऊ वर्षं टाकी कुणी उघडलीच नाही. 2018 च्या सप्टेंबरात, आमचा खरा पाऊस तेव्हाच, खालच्या मजल्यावरच्या संडासात फ्लश केला की पाणी सावकाश उतरायला लागलं. मग बाथरूमच्या जाळीतून गुडगुड आवाज, संध्याकाळी वास. आईने ॲसिड ओतलं दोन बाटल्या (हे कधीच करू नका, टाकीतले जंतू मरतात). मग एका पाण्याच्या दिवशी पाणी उतरायचं सोडून वरच आलं. सोकपिटावरची जमीन ओली आणि तेवढ्याच गोलात गवत हिरवंगार, हेही नंतर लक्षात आलं.

टाइल्स फोडल्या, गाडी बोलावली. गाडीवरचा मामा शहाणा माणूस होता, पाइप सोडायच्या आधी त्याने बांबूच्या टोकाला जुना पांढरा टॉवेल गुंडाळला, तळापर्यंत सरळ उभा घातला, दोन-तीन मिनिटं धरला आणि हळू वर काढला. टॉवेलवर खालून अडीच फूट काळं, दाट, चिकट. त्यावरचं पाणी टॉवेलला नुसतं करडं करून गेलेलं, मधली रेघ स्पष्ट दिसत होती. चार फुटात अडीच फूट गाळ! माणशी वर्षाला साधारण 40 लिटर गाळ धरा, सहा माणसांचा 240, आमच्या टाकीत तो वर्षाला तीन इंच चढतो, नऊ वर्षांचे सत्तावीस-अठ्ठावीस इंच. हिशोब जवळपास बसला.

गाडीने टाकी उपसली आणि मामा म्हणाला, "साहेब, इकडं या, बघा." टाकी रिकामी झाल्यावर आउटलेटच्या पाइपातून काळं पाणी उलटं टाकीत पडत होतं, नळ सोडल्यासारखं. सोकपिट तुडुंब, पाणी जायला जागा नाही म्हणून परत येतंय. तो म्हणाला, आठ दिवसांत परत तुंबेल. दाजी उभे होते, म्हणाले, "याला परत धंदा पाहिजे म्हणून असं सांगतो." सहाव्या दिवशी तुंबली. दुसरी गाडी. परत तेच. तिसऱ्या गाडीला दाजी आलेच नाहीत.

शेवटी नवीन सोकपिट खणलं. या वेळी आधी चाचणी केली, तीही नीट. काळ्या मातीत एक आणि मुरमापर्यंत एक, दोन छोटे खड्डे, दोन्ही पाण्याने भरून रात्रभर सोडले म्हणजे माती फुगायची ती फुगून जाते, आणि सकाळी परत अर्धा फूट पाणी भरून पट्टी लावून घड्याळ धरलं. मुरमात एक इंच पाणी दहा-बारा मिनिटांत उतरलं. काळ्या मातीत तासाभरात अर्धा इंचही नाही. इंचाला तासाच्या वर लागत असेल तर तिथे सोकपिटाचा नादच सोडावा, तिथे दुसरी काही व्यवस्था करावी लागते आणि ती कुणा जाणकार इंजिनिअरला विचारून. आमचं नवीन पिट 9 फूट खोल, 5 फूट व्यासाचं. काळ्या मातीतला वरचा भाग सिमेंटने बंद, मुरमातल्या खालच्या चार फुटात विटा फटी ठेवून रचलेल्या आणि बाहेरून खडी. बाथरूम आणि मशीनचं पाणी वेगळं काढून टाकलं. त्यानंतर आजतागायत गुडगुड नाही. दाजी अजून म्हणतात "नवीन खड्डा आहे म्हणून चालतोय", बरं, म्हणू द्या.

तर तुमचं. वर्षापूर्वी उपसलेल्या टाकीत गाळ फार तर तीन-चार इंच झाला असेल, त्याने टाकी भरत नाही. टॉवेलची काठी घालून बघा. गाळ पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर उपसून काही मिळणार नाही, सोकपिट तपासा, विशेषतः पाणी पाइपाच्या वर चढलं असेल तर. गाळ जास्तच निघाला तर मागच्या गाडीवाल्याने वरचं पातळ पाणी ओढलं आणि खालचा घट्ट गाळ तसाच ठेवला, हा प्रकार फार चालतो. उपसताना ढवळून घ्यायला सांगायचं आणि शेवटी काठी परत घालून बघायचं, मगच पैसे द्यायचे. अगदी धुऊन-खरवडून मात्र नको, थोडा गाळ राहिला तर जंतू लवकर धरतात. आणि एकच संडास तुंबला असेल, बाकीचे नीट चालत असतील तर टाकीचा संबंधच नाही, त्या लाइनीत काहीतरी अडकलंय.

ती कल्चर पावडर वगैरे दुकानदार देतील, तिने साठलेला गाळ नाहीसा होत नाही.

एक राहिलं, ते खरं तर आधी लिहायला हवं होतं. झाकण उघडून वाकून बघत बसू नका, काडी किंवा लायटर तर अजिबात नको, आत पेटणारा वायू असतो आणि विषारीही. टाकीत कुणालाही उतरवू नका, कितीही कमी पैशात करतो म्हणाला तरी. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि एक जण आत पडला म्हणून काढायला गेलेला दुसराही वर येत नाही अशा बातम्या दर वर्षी वाचतो आपण. सगळं काठीने आणि पाइपानेच. तुमची टाकी प्लास्टिकची रेडिमेड असेल तर भर पावसात पूर्ण रिकामी करू नका, बाहेरच्या पाण्याने ती उचलते, उपसल्यावर लगेच पाणी भरा. आणि जवळ विहीर किंवा बोअर असेल तर नवीन सोकपिट तिच्यापासून निदान साठ फूट लांब घ्या.

पाणी आउटलेटच्या बुडाशी आहे की वर, आणि काठीवर काळं किती इंच आलं, हे दोन आकडे खाली लिहा, मग पुढचं सांगतो.