व्हेंट्रिकलचं ॲक्शन पोटेन्शियल: प्लॅटो टिकतो कसा?

प्रश्न: व्हेंट्रिकलच्या ॲक्शन पोटेन्शियलच्या फेज कोणत्या, त्यामागे कोणते आयन चॅनेल? प्लॅटो समजत नाही.

उत्तर: फेज ४ मध्ये आयके१ पोटॅशियम चॅनेल पेशीला उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास ठेवतात. फेज ० म्हणजे वेगवान सोडियम चॅनेल उघडून व्होल्टेजची उसळी. फेज १ ची किंचित घसरण आयटीओ या पोटॅशियम प्रवाहामुळे.

खरी गंमत फेज २ ची, म्हणजेच प्लॅटोची. एल-टाइप चॅनेलमधून कॅल्शियम आत येतं, पोटॅशियम बाहेर जातं आणि दोन्ही प्रवाह जवळपास तुल्यबळ असल्याने आलेख सपाट राहतो. त्यातच या व्होल्टेजला आयके१ जवळजवळ बंद असतो, म्हणून थोडं कॅल्शियमही पुरतं.

कॅल्शियम चॅनेल मिटले की फेज ३ मध्ये आयकेआर, आयकेएस हे पोटॅशियम प्रवाह आणि शेवटी पुन्हा आयके१ पेशीला मूळ पातळीवर आणतात. सोटॅलॉल हे औषध आयकेआर अडवतं, त्यामुळे ईसीजीत क्यूटी लांबलेला दिसतो.