‘बोलबनाव’: कातणे आणि ओवणे

प्रश्न : ‘बोलबनावाची ठुमरी’ असे नेहमी वाचनात येते. मराठीत बनाव म्हणजे रचलेले खोटे. मग इथे त्याचा अर्थ काय? आणि एखादा गायक गझलेतील ओळ पुन्हा पुन्हा वेगळ्या प्रकारे गातो, त्यालाही बोलबनाव म्हणता येईल का?

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. हिंदीत ‘बनाना’ म्हणजे घडवणे आणि सजवणेसुद्धा. ‘बनाव-सिंगार’ या जोडशब्दातला बनाव तो हाच. ‘मला बनवू नकोस’ मधली फसवणूक येथे आणण्याचे कारण नाही. बोल म्हणजे पदातील शब्द, आणि ते स्वरांनी घडवत, सजवत नेणे म्हणजे बोलबनाव. दुसऱ्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते एका शब्दात संपवता आले असते. परंतु हल्ली गझलेच्या कोणत्याही मैफलीच्या परीक्षणात ‘सुंदर बोलबनाव’ वाचावा लागतो आणि त्याच मैफलीचा निवेदक ‘गझल म्हणजे जखमी हरणाची किंकाळी’ असे गहिवरून सांगत असतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

आधी त्या हरणाचा निकाल लावू. अरबीत ग़-ज़-ल ही तीन अक्षरे धातूसारखी वापरली जातात. त्यांतून ‘ग़ज़ाल’ म्हणजे हरीण होते हे खरे, ‘ग़ज़ल’ म्हणजे प्रियेशी केलेले लाडिक बोलणे होते हेही खरे. मात्र हरणाची किंकाळी कोशात सापडते ती निराळ्याच ठिकाणी. शिकारी कुत्रा हरणाला गाठतो, हरीण त्याच्या तोंडासमोर ओरडते आणि कुत्रा ढिला पडून मागे फिरतो, या ढिले पडण्यासाठी अरबी कोशकारांनी याच धातूचे क्रियापद दिले आहे. म्हणजे त्या क्रियापदाचा कर्ता कुत्रा आहे, हरीण नव्हे, आणि जखम तर कोणालाच झालेली नाही. ज्यांना एवढी कथा आवडते त्यांनी ती निदान पुरी सांगावी.

याच तीन अक्षरांचा तिसरा अर्थ मला सर्वांत प्रिय आहे आणि तो कोणी सांगत नाही : ‘ग़ज़्ल’ म्हणजे सूत कातणे. कातणे आणि लाडिक बोलणे एकाच धातूच्या छायेत कसे आले याविषयी तर्कच करावे लागतात; चात्यांवर बसलेल्या स्त्रियांशी रंगलेल्या गप्पा हा त्यांपैकी एक. ते काहीही असो, पेळूतून सूत निघताना पाहिलेल्या माणसाला या शब्दाने ठुमरीच आठवेल असे माझे ठाम मत आहे. पेळू चिमटीत धरायचा, थोडा ओढायचा, पीळ द्यायचा, मग निघालेले सूत चातीवर गुंडाळायचे आणि पुन्हा त्याच पेळूतून ओढायचे. फार ओढले आणि पीळ कमी पडला, तर सूत तुटते. बोलबनावाची ठुमरी नेमकी अशी चालते. गंमत अशी की कातण्याचे नाव मिळाले गझलेला, तर गझल गाणे हे कातणे नसून ओवणे आहे. अरबी-फारसीत कवितेला ‘नज़्म’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ मोती ओवणे. आणि हाफिजने आपल्याच एका गझलेच्या अखेरीस गझल रचणे व मोत्याला वेज पाडणे यांची जोडी लावली आहे. ‘ठुमरी’ची व्युत्पत्ती मात्र ‘ठुमक’ या पदन्यासाच्या शब्दाकडे नेली जाते, आणि ठरलेल्या वजनाची पावले टाकते ती गझल! दोघींच्या नावांची अदलाबदल झाली आहे, असे मी अनेक वर्षे म्हणत आलो आहे. भाषाशास्त्रज्ञ याला पुरावा मागतील. मी त्यांना दोन ओळी गाऊन पाहायला सांगेन.

ठुमरीच्या धर्तीची एक ओळ नमुन्यापुरती जुळवतो : ‘साँझ भई, अजहूँ न आये’. वाचायला ही ओळ अगदी साधी आहे, आणि तिचे बळ त्यातच आहे. ब्रज-अवधीच्या घडणीच्या या भाषेत दर्शनचे दरसन होते, प्राणचे परान होतात. जोडाक्षरे विरघळतात आणि शब्द बहुधा स्वरावर उघडे राहतात, त्यामुळे गायिकेला ते हवे तितके ओढता येतात. ओळीला छंद असला तरी गाताना ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब कोणी मागत नाही.

समजा राग खमाज आहे आणि ताल चौदा मात्रांचा दीपचंदी. ‘साँझ भई’ हा मुखडा समेवर येतो. ही आपली चाती. मग ‘अजहूँ न आये’ हा पेळू घ्यायचा. पहिल्या वेळी तो गंधार-मध्यम-पंचमाच्या आसपास सरळ म्हटला, तर नुसती बातमी आहे : अजून आले नाहीत. दुसऱ्या वेळी ‘न’ सुटा काढून कोमल निषादावरून धैवतावर उतरवला, तर ती तक्रार होते. तिसऱ्या वेळी ‘अजहूँ’ मध्ये खमाजाला परका असलेला कोमल गंधार हळूच लागला आणि पिलूची सावली पडली, तर शंका येते की कदाचित ते दुसरीकडे कोठे तरी गेले असतील. प्रत्येक वेळी परत येऊन ‘साँझ भई’ तसाच म्हणायचा, आणि तो दर वेळी वेगळा ऐकू येतो, कारण आता सांज अधिक उतरलेली असते. हा परत येण्याचा क्षण म्हणजे पीळ. तो उशिरा आला, तर मधली कलाकुसर सुटी पडून सूत तुटते. अशा फेऱ्या झाल्यावर तबला लग्गी धरतो आणि मुखडा त्या जलद लयीवर फिरत राहतो. तेथे घडवण्याचे काम थांबलेले असते.

खरा बोलबनाव ओळखण्याची खूण सोपी आहे. तीच जागा शब्द काढून आकारात गाऊन पाहावी. काहीच हरवले नाही, तर ती हरकत होती, मुरकी होती, उत्तम गळाही असेल, पण बोल काही बनला नव्हता.

आता गझलेकडे. तीच सांज मराठीत घेतो आणि मनाच्या श्लोकांमुळे आपल्या कानात बसलेल्या भुजंगप्रयाताचे वजन वापरतो. फारसी छंदशास्त्रात यालाच मुतकारिब म्हणतात : लगागा चार वेळा, म्हणजे ओळीत बारा अक्षरे आणि वीस मात्रा.

उभी सांज दारी, दिवे दूर होते
तुझे नाव ओठी, मुके सूर होते

कुणी यायचे ते नदीपार गेले
मला थांबवाया किती पूर होते

‘दूर, सूर, पूर’ हा काफिया आणि ‘होते’ हा रदीफ. दादरा या सहा मात्रांच्या तालात बसवायचे, तर पाच मात्रांच्या प्रत्येक लगागात एक मात्रा वाढवावी लागते, आणि सोयीची चाल अशी की लघू अक्षर समेच्या आधी उचलायचे व गुरू समेवर ठेवायचे. ‘उ’ सहाव्या मात्रेवर, ‘भी’ समेवर. येथे शब्दांनी चालीचे हात बांधलेले आहेत. ‘उ’ लांबवला तर वजन मोडते, म्हणून ओढण्याची मुभा मुख्यतः गुरू अक्षरांना, दोन मिसऱ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेला आणि अखेरच्या रदीफाला राहते.

दुसरे बंधन अर्थाचे आहे. ‘कुणी यायचे ते नदीपार गेले’ हा मिसरा दोनतीनदा गावा, वर चढवावा, षड्जावर मात्र टेकवू नये, कारण त्याचे उत्तर अजून यायचे आहे. ऐकणारा आता ‘-ऊर’ची वाट पाहतो आहे. दुसरा मिसरा ‘मला थांबवाया किती’ पर्यंत आणून क्षणभर थांबता येते. मग ‘पूर’ पडतो आणि ‘होते’ म्हणताना श्रोतेही सामील होतात. ही थांबण्याची कला फार मोठी आहे. पण तेथे ओळीचा अर्थ फिरवला जात नाही, तो फक्त रोखून धरला जातो. शिवाय पुढचा शेर नव्या विषयाचा असू शकतो, त्यामुळे मागच्या शेरात कातलेले सूत पुढे कामाला येत नाही. मणी संपला की दुसरा मणी.

बेगम अख्तर (1914–1974) ठुमरी, दादरा आणि गझल हे तिन्ही गात आणि त्यांच्या गझलेत ठुमरीचे वळण होते, हा दाखला माझ्याविरुद्ध हमखास दिला जातो. वळण होतेच. परंतु आवाजाचे वळण वेगळे आणि ओळीवर होणारी क्रिया वेगळी, हा भेद ज्या समीक्षकांना करता येत नाही त्यांनी निदान दोन्हींना एकच शब्द वापरण्याची घाई करू नये.

चूक कोठे होते तेही याच शेरात दिसते. लघू अक्षर समेआधी उचलले की तालाचे तुकडे असे पडतात : कु । णी याय । चे ते न । दी पार । गेले. तालाच्या तुकड्यावर श्वास घेणारा गायक ‘कुणी यायचे ते न’ म्हणून थांबतो, आणि जे यायचे होते ते न यायचे होऊन बसतात. उरलेले ‘दीपार गेले’ कोणत्याच भाषेत नाही. सूर बिनचूक, ताल बिनचूक, तरी शेर गेला. अशी जागा गाण्यापूर्वी मिसरा गद्यासारखा वाचून ‘ते’ नंतर खूण करून ठेवावी आणि समेवरचा ‘दी’ मागच्या ‘न’ला जोडूनच घ्यावा.

ठुमरीत असे तोडणे चालले असते, किंबहुना ‘न’ सुटा काढणे हीच तिथली कमाई होती. म्हणून गझलेसाठी बोलबनाव हा शब्द नको. तिच्यासाठी जुना, नेमका शब्द आहे ‘अदायगी’. रक्कम अदा करणे आपण रोज म्हणतो, तेच हे अदा : देणे पुरते चुकवणे. कवीने बारा अक्षरे दिली असतील, तर श्रोत्याच्या हाती बाराच्या बारा पोचली पाहिजेत, आणि वरच्या गायकाने ‘नदी’तला ‘न’ वाटेतच खर्च केलेला आहे.