काकांची सही कायद्यात कुठेच लागत नव्हती

प्रश्न: "वकीलसाहेब, गेल्या महिन्यात माझे मिस्टर बाईक अपघातात गेले. रात्री नऊला डॉक्टर म्हणाले पहिली टेस्ट झाली, ब्रेन डेड वाटतायत, पहाटे चारला दुसरी टेस्ट झाली. मी अवयवदानाला हो म्हटलं. त्यांनी मोबाईलवर डोनर कार्डपण काढलं होतं. पण चुलत सासरे आडवे आले, सासरे गप्प बसले, हॉस्पिटल म्हणालं सगळ्यांच्या सह्या आणा. दुपारी दोनला हार्ट बंद पडलं. केस करता येईल का? आणि माझा भाऊ डायलिसिसवर आहे, त्याला किडनी मिळाली असती का?"

ताई, असे प्रश्न माझ्याकडे बरेच येतात आणि बहुतेकांत भांडण डॉक्टरांशी नसतंच, घरातल्याच माणसांशी असतं. तुमच्या केसमध्ये सगळं एकाच गोष्टीवर अडकलंय, ती म्हणजे नकार नक्की कोणी दिला.

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याचं कलम ३ बघा. मृत माणसाने आधी लेखी परवानगी दिली नसेल आणि हयातीत विरोधही केला नसेल, तर मृतदेह ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे तो दानाला परवानगी देऊ शकतो, पण जवळच्या कुठल्याही नातेवाईकाचा विरोध आहे असं त्याला वाटायला कारण असेल तर नाही. आणि 'जवळचा नातेवाईक' म्हणजे कोण हे कायद्याने मोजून सांगितलंय, नवरा-बायको, मुलगा-मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडं. काका त्यात नाहीत! चुलत सासऱ्यांनी हॉलमध्ये उभं राहून कितीही आवाज चढवला तरी कायद्याच्या हिशोबाने तो विरोध धरायचाच नव्हता. सासऱ्यांचा मात्र धरावा लागला असता, त्यामुळे ते गप्प होते की 'नको' म्हणाले यावर तुमचं सगळं उभं आहे. तिथे जे समन्वयक बोलायला आले होते त्यांनी नोंदीत काय लिहिलंय ते बघावं लागेल. 'फॅमिली नॉट विलिंग' एवढंच लिहिलं असेल तर पुढे अवघड आहे.

आता त्या डोनर कार्डबद्दल, राग मानू नका पण हा निष्काळजीपणा महागात पडला. मोबाईलवर कार्ड काढायचं आणि घरी कोणाला सांगायचं नाही, हे सगळेच करतात. कलम ३ ला लेखी संमती हवी, दोन साक्षीदारांसमोर, आणि त्यातला एक तरी जवळचा नातेवाईक पाहिजे. त्या कागदावर सासऱ्यांचीच साक्षीदार म्हणून सही असती तर गोष्टच वेगळी होती, कारण तेव्हा मृतदेह ताब्यात असणाऱ्याने अवयव काढायला सोय करून द्यायची असते, मृताने स्वतःच विचार बदलला होता असं वाटायला कारण असेल तरच नाही. अर्थात तरीही डॉक्टर रडणाऱ्या बापाला डावलून ऑपरेशन करत नाहीत, हे मी बघितलंय. नुसत्या ऑनलाइन नोंदणीला कोर्ट किती वजन देईल यावर मी छातीठोक बोलणार नाही.

केसचं म्हणाल तर आधी हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या, रेकॉर्ड ७२ तासांत द्यायचं असतं. त्यात फॉर्म १० शोधा. ब्रेन स्टेम डेथचा दाखला तो, त्यावर चार डॉक्टरांच्या सह्या लागतात: हॉस्पिटलचे प्रमुख डॉक्टर, पॅनेलवरचा तज्ज्ञ, न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन (नसेल तर फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ किंवा इंटेन्सिव्हिस्ट) आणि उपचार करणारा डॉक्टर. दोन टेस्टमध्ये किमान सहा तास हवेत, तुमच्याकडे सात झाले म्हणजे वेळ बरोबर आहे. पण चारपैकी एकाची सही जरी दुपारी आली असेल तर तोपर्यंत कोणालाच अवयव काढता आले नसते, मग काकांना दोष देण्यातही अर्थ नाही. सह्या पहाटेच पूर्ण असतील तर चार ते दोन हे दहा तास कुठे गेले, हा प्रश्न विचारायला जागा आहे. ब्रेन स्टेम गेल्यावर बीपी टिकत नाही, औषधांवर धरून ठेवावं लागतं, हे हॉस्पिटलला माहीत असतंच.

ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येईल. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, प्रत्यक्षात तारखांचा जमाखर्च तुम्हीच करा. आणि नुकसान कशाचं मागणार, हेच मला नीट मांडता येत नाहीये. अपघाताची विम्याची आणि मोटार ट्रिब्युनलची केस मात्र लगेच लावा, तिथे खरे पैसे आहेत.

भावाचं सांगतो, नाही. मेंदूमृत्यूनंतरची किडनी घरच्यांना हवी त्याला देता येत नाही. प्रत्यारोपण समन्वय समितीच्या यादीवर रक्तगट, डायलिसिसवर किती काळ झाला अशा गोष्टी बघून नंबर लागतो आणि कोणाला मिळाली हेही तुम्हाला सांगत नाहीत. भावाचं नाव त्या यादीत आहे का? नसेल तर कोर्टाच्या आधी तो ज्या हॉस्पिटलात ट्रान्सप्लांटसाठी बघतोय तिथून याच आठवड्यात नोंदणी करून घ्या.