प्रबंधातले लांबलचक वाक्य कुठे सोडवायचे?

प्रश्न: “खानापूर तालुक्यातील मराठी शाळांवर प्रबंध लिहिते आहे. मार्गदर्शक म्हणतात वाक्ये समजत नाहीत, लहान करा. लहान केली की भाषा बोलण्यासारखी होते, भारदस्तपणा जातो. हे एक वाक्य बघा: ‘राज्यपुनर्रचनेनंतरच्या कालखंडात सीमाभागातील मराठी भाषिक अल्पसंख्याक समुदायाच्या पाल्यांच्या मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाच्या उपलब्धतेसंदर्भात शासनस्तरावरून करण्यात आलेल्या तरतुदींच्या अंमलबजावणीमध्ये आढळून आलेल्या त्रुटींचे स्वरूप व त्यांचे पटसंख्येवर झालेले परिणाम यांचा चिकित्सक अभ्यास प्रस्तुत प्रकरणामध्ये करण्याचा प्रयत्न करण्यात आलेला आहे.’ यातले संस्कृत शब्द काढून टाकू का?”

ताई, शब्दांना एवढ्यात हात लावू नका. ‘भाषिक अल्पसंख्याक’, ‘मातृभाषा’, ‘तरतूद’, ‘पटसंख्या’ हे तुमच्या विषयाचे नेमके शब्द आहेत, ते राहू द्या. ‘पाल्य’चे ‘मुले’ आणि ‘प्रस्तुत प्रकरणामध्ये’चे ‘या प्रकरणात’ करता येईल, पण तेवढ्याने वाक्य सुटणार नाही. अडचण क्रियापदांची आहे. मिळणे, राबवणे, उणीव राहणे, परिणाम होणे अशा चार-पाच क्रिया या वाक्यात आहेत आणि सगळ्यांची नामे करून त्या ‘च्या’ने एकमेकींना बांधल्या आहेत. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून वाचकाला हा सगळा ऐवज डोक्यात धरून ‘करण्यात आलेला आहे’पर्यंत चालावे लागते. तिथे पोचल्यावर त्याला एवढेच कळते, की काहीतरी करण्याचा प्रयत्न झाला.

म्हणून आधी पेन्सिल घेऊन नामांत लपलेल्या क्रिया शोधा आणि प्रत्येकीला विचारा, हे कोणी केले? ‘उपलब्धता’ म्हणजे शिक्षण मिळणे. कोणाला? मराठी मुलांना. ‘अंमलबजावणी’ म्हणजे राबवणे. कोणी राबवले? इथे तुमचे वाक्य गप्प बसते, कारण ‘शासनस्तरावरून’ या शब्दात कर्ता नाहीच. १९५६ च्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले ते १९७३ मध्ये. मग १९६० च्या दशकातला निर्णय तुम्ही सांगत असाल, तर कर्ता म्हैसूर सरकार आहे, कर्नाटक सरकार नव्हे. शिवाय काही निर्णय केंद्राचे, काही राज्याचे, काही स्थानिक पातळीवरचे. वाक्य तोडायला बसलात की हे ठरवावेच लागते, आणि परीक्षकही तोंडी परीक्षेत नेमके हेच विचारतात.

आता तेच वाक्य काळाच्या क्रमाने लावू:

‘१९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३५०अ आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून पुरेशा सोयी उपलब्ध करून देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे हे कलम सांगते. सीमाभागातील मराठी शाळांबाबत राज्य सरकारने या दिशेने कोणत्या तरतुदी केल्या, त्या राबवताना कोणत्या त्रुटी राहिल्या आणि त्यांचा पटसंख्येवर काय परिणाम झाला, हे या प्रकरणात तपासले आहे.’

एका वाक्याची चार झाली. शब्द घटले नाहीत, उलट बरेच वाढले, तरी वाचायला कमी वेळ लागेल. शेवटचे वाक्य अजूनही लांब आहे आणि ते तसेच असू द्या. त्यात ‘कोणत्या… कोणत्या… काय’ असे तीन स्वतंत्र टप्पे आहेत, प्रत्येकाला स्वतःचे क्रियापद आहे, त्यामुळे वाचक मध्ये श्वास घेऊ शकतो. यातले एकही वाक्य बोलीतले नाही, हेही पाहा. भारदस्तपणा नेमकेपणातून येतो आणि तो इथे शाबूत आहे.

कलमाच्या वाक्यात मी ‘प्रयत्न करावा’ ठेवले आहे. घाईत छाटणी करताना तिथे ‘मातृभाषेतून शिक्षण देणे राज्यावर बंधनकारक आहे’ असे सुटसुटीत वाक्य सहज लिहिले जाते, आणि ते चुकीचे ठरते. कलमाची भाषा प्रयत्नाची आहे, आणि ती ‘पुरेशा सोयीं’बद्दल बोलते. आपल्याकडे हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, म्हणून तर इथे जास्त जपायला हवे. तुमच्या स्वतःच्या वाक्यातला ‘प्रयत्न’ मात्र खुशाल काढा. ‘अभ्यास करण्याचा प्रयत्न करण्यात आलेला आहे’ यात तो नुसता नम्रतेचा आहे, अर्थाचा नाही.

निष्कर्षांनाही हीच कसोटी लावा. समजा तुम्ही लिहिले आहे, ‘शिक्षकांची रिक्त पदे आणि पटसंख्येतील घट यांच्यात संबंध असल्याचे दिसून येते.’ याचे ‘शिक्षक नसल्याने पटसंख्या घटली’ करू नका. पहिल्यात संबंध आहे, दुसऱ्यात कारण आहे, आणि कारणाला वेगळा पुरावा लागतो. ‘दोन्ही गोष्टी बरोबरीने घडलेल्या दिसतात’ हे लहानही आहे आणि खरेही. तसेच मूळ वाक्यात दोन गोष्टी नुसत्या ‘व’ने जोडलेल्या असतील, तर तोडताना मध्ये ‘त्यामुळे’ घुसवू नका. तो शब्द नवा दावा करतो.

राहिला प्रश्न ‘करण्यात आले’चा. ‘मी’ लिहायचे नाही म्हणून प्रबंधात सगळीकडे ‘मुलाखती घेण्यात आल्या’, ‘तक्ते तयार करण्यात आले’ असे चालते. मराठीला याची गरजच नाही. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते, म्हणून कर्ता न सांगताही वाक्य उभे राहते: ‘तालुक्यातील निवडक शिक्षकांच्या मुलाखती घेतल्या.’ ‘मी’ नाही, ‘करण्यात आले’चा पसाराही नाही. एका ठिकाणी मात्र हे फसते. आधीच्या वाक्याचा कर्ता सरकार असेल आणि पुढे तुम्ही ‘शाळांचे सर्वेक्षण केले’ असे लिहिलेत, तर ते सर्वेक्षण सरकारनेच केले असे वाचले जाईल. तिथे ‘प्रस्तुत संशोधनासाठी शाळांचे सर्वेक्षण केले’ लिहा. ‘प्रस्तुत’ तिथे कामाचा आहे. आणि कर्ता खरोखरच माहीत नसेल किंवा महत्त्वाचा नसेल, उदाहरणार्थ ‘१९७० च्या सुमारास ही शाळा बंद करण्यात आली’, तर ‘करण्यात आली’ राहू द्या. ‘शाळा बंद पडली’ म्हटले तर ती आपोआप बंद झाली असा अर्थ निघतो, आणि सीमाभागातल्या शाळेबद्दल हा फरक मोठा आहे.

आणखी एक सोय. ‘सीमावर्ती भागातील मराठी भाषिक अल्पसंख्याक समुदाय’ हे शब्द तुमच्या प्रकरणात पानोपानी येत असणार. पहिल्या पानावर एकदाच व्याख्या द्या: ‘या प्रबंधात सीमाभाग म्हणजे बेळगाव जिल्ह्यातील अभ्यासासाठी निवडलेली मराठी गावे.’ ही व्याख्या आवश्यकच आहे, कारण एरवी ‘सीमाभाग’ म्हटले की लोकांना कारवार आणि बिदरही आठवते. त्यानंतर नुसते ‘सीमाभागातील मराठी मुले’ पुरेल, आणि प्रत्येक परिच्छेदातली निदान एक ओळ वाचेल.