महोदय, साहेब की नुसता नमस्कार?

प्रश्न : जिंतूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाला यंदा 50 वर्षं होतात. ग्रंथप्रदर्शनासाठी तीन पत्रं लिहायची आहेत. एक जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना, पण तिथं सध्या बाई आहेत की पुरुष ते मला माहीत नाही. दुसरं आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना. मी शाळेत होते तेव्हा ते माझे मुख्याध्यापक होते. तिसरं सेलूच्या एका ग्रंथपालांना, ते माझ्याच वयाचे. सुरुवातीला 'महोदय' लिहू, 'मा. साहेब' लिहू, की 'स.न.वि.वि.'? तिन्हीकडे एकच चालेल का?

एकच चालणार नाही. पण तीन वेगवेगळे मायने पाठ करायचीही गरज नाही. मायना हा मुळात अरबी शब्द, त्याचा अर्थ 'अर्थ'. आपल्याकडे उर्दू कानावर असतेच, तेव्हा 'इसके मायने क्या' हे तुम्ही शेकडो वेळा ऐकलं असेल. मराठीत तो पत्राच्या सुरुवातीच्या मजकुराला चिकटला. लिहिणारा आणि वाचणारा यांचं नातं काय, हे त्या पहिल्या ओळीवरून कळायचं, म्हणून मला ते नाव बरोबरच वाटतं.

तुमचा गोंधळ ज्याच्यामुळे होतोय ते आधी सुटं करू. कार्यालयीन पत्राच्या सुरुवातीला दोन वेगळी कामं असतात. वर डावीकडे 'प्रति' लिहून जो पत्ता येतो, तिथं आपण त्या व्यक्तीबद्दल बोलतो : हे पत्र अमुक पदावरच्या माणसाला द्या. विषय आणि संदर्भ झाल्यावर जी एका शब्दाची ओळ येते, तिथं आपण त्या व्यक्तीला हाक मारतो. माननीय हे विशेषण आहे, वर्णन करणारं. कोणी कोणाला 'अहो माननीय' अशी हाक मारत नाही. महोदय मात्र हाकेचाच शब्द आहे. म्हणून 'मा.' वर पत्त्यात, पदनामाच्या आधी, आणि 'महोदय' खाली, एकटा. 'मा. महोदय' व्याकरणात चुकत नाही, सभेत 'माननीय अध्यक्षमहोदय' म्हणतोच आपण. पण पत्रात वर एकदा मान देऊन झालेला असतो, तो खाली परत कशाला? आणि 'मा. महोदय साहेब' म्हणजे एकाच पाहुण्याला तीन हार.

'मा.'बद्दल आणखी एक. हे लघुरूप 'माननीय'चं असलं तरी आपल्याकडच्या फ्लेक्सवर ते 'माजी'चंही काम करतं. 'मा. सभापती' वाचून कार्यक्रमाला आलेले गृहस्थ आज सभापती आहेत की कधीकाळी होते, याचा पत्ता भाषण संपेपर्यंत लागत नाही. निमंत्रणपत्रिका छापणारच असाल तर माजी हा शब्द पूर्ण छापा.

आणि 'प्रति' ऱ्हस्वच. हे मी अनुभवानं शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो, वर ठसठशीत 'प्रती,' लिहिलेलं. आवक-जावक बघणाऱ्या काकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "किती आणल्यात?" मला कळेना. ते म्हणाले, "प्रती लिहिलंय ना, मग एकच कशी?" संस्कृतातून जशीच्या तशी आलेली अव्ययं मराठीत शेवटी ऱ्हस्वच राहतात : तथापि, यद्यपि, प्रति. दीर्घ केलं की ते 'प्रत' या नामाचं अनेकवचन होतं.

आता तुमचं पहिलं पत्र. सुरुवात अशी :

प्रति,
मा. जिल्हा ग्रंथालय अधिकारी,
परभणी.

विषय : वाचनालयाच्या ग्रंथप्रदर्शनासाठी मार्गदर्शन मिळण्याबाबत

महोदय,

'महोदय' म्हणजे महा अधिक उदय, ज्याचा उत्कर्ष मोठा असा. त्याचा जुळा वाटणारा 'महाशय' (महा अधिक आशय, थोर मनाचा) अर्थानं कमी नाही, पण बोलण्यात त्याला टोमण्याचा वास लागलाय. 'हे महाशय परवाच येणार होते' हे आपण कोणाबद्दल म्हणतो ते आठवा. अर्जात तो नकोच.

बाई आहेत की पुरुष माहीत नसेल तर 'महोदय/महोदया' असं लिहिणं रास्त आहे. नुसतं 'महोदय' लिहिलं तरी पदाला उद्देशून आहे असं मानून कार्यालयात कोणी अडवत नाही. पण खुर्चीत बाई असल्या आणि आपण त्यांना पुरुषवाचक हाक मारली, तर ते मला तरी बरं दिसत नाही. त्यापेक्षा कार्यालयात एक फोन करून विचारलेलं उत्तम. बाई आहेत असं कळलं तर 'महोदया,'. संस्कृतात संबोधन करताना 'महोदये' होईल, पण मराठीत ते कोणी लिहीत नाही, तुम्हीही लिहू नका. हाक आहे म्हणून पुढे स्वल्पविराम.

खरी गंमत पुढेच आहे. मायन्यात दोन्ही पर्याय देऊन लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि दुसऱ्याच वाक्यात लिहितात, 'आपण मागील वर्षी आमच्या वाचनालयात आला होतात.' झालं, पुरुष ठरवून मोकळे! बाई असतील तर 'आल्या होतात' हवं. मराठीत 'आपण' लिंग लपवतं, पण क्रियापद ते उघड करतं. यातून वाट आहे. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालतं, कर्त्याप्रमाणे नाही. म्हणून 'आपण मागील वर्षी आमच्या वाचनालयास भेट दिली होती' हे वाक्य कोणालाही चालतं, कारण 'दिली' ही 'भेट'शी जुळलेली आहे. तसंच विनंतीचं : 'आपण तारीख कळवावी', 'आपण मार्गदर्शन करावे'. आपण येणार, आपण देणार ही रूपंही निर्धोक. पत्र लिहून झालं की फक्त क्रियापदांवरून एकदा नजर फिरवा. आला, गेला, म्हणाला असली रूपं 'आपण'ला जोडलेली दिसली की तिथं अडकलात असं समजा.

'साहेब'चं काय, असं तुम्ही म्हणाल. आपल्या भागात ते सहज का येतं याला कारण आहे. 1948 पर्यंत इथला कारभार निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा, आणि कारभाराची भाषा उर्दू. उर्दू अर्ज सुरू होतो 'बखिदमत जनाब' असा. बखिदमत म्हणजे सेवेत. जुन्या मराठी अर्जात 'मे. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी' असं जे दिसतं, त्यातल्या 'सेवेशी'चा अर्थ नेमका तोच. हा 'मे.' मात्र माननीयचा भाऊ नाही. तो मेहेरबान, म्हणजे कृपाळू, फारसीतून आलेला. न्यायालयातल्या कागदांवर 'मे. न्यायाधीश साहेब यांचे न्यायालयात' असा तो अजून नांदतो, आणि तिथं तो वकिलांवर सोपवावा. बाकी ठिकाणी तो टाळा, कारण दुकानाच्या किंवा कंपनीच्या नावाआधी येणारा 'मे.' हा मेसर्सचा आहे, आणि ग्रंथालय अधिकाऱ्यांना पुस्तकविक्रेत्यांच्या रांगेत बसवायला नको. 'साहेब'ला माझा विरोध नाही. ओळखीच्या अधिकाऱ्याला पत्रात 'पाटीलसाहेब' (जोडूनच) म्हणावं. अनोळखी पदाला 'साहेब' म्हटलं की आपण आधीच ते पुरुष ठरवलेलं असतं.

दुसरं पत्र अध्यक्षांना. इथं 'महोदय' लिहिलंत तर चूक काहीच नाही, पण गुरुजी पत्र वाचून विचारतील, "का गं, एवढं काय बिनसलं?" ज्यांच्यापुढे आपण पाढे म्हटले त्यांना महोदय म्हणणं म्हणजे ओळख पुसणं. तुमचं पत्र संस्थेच्या दप्तरात लागणार आहे, तेव्हा पत्त्यात 'मा. अध्यक्ष' आणि संस्थेचं नाव असू द्या. हाक मात्र 'आदरणीय सर,' किंवा तुम्ही शाळेत जे म्हणत होतात ते : 'आदरणीय गुरुजी,'. त्यात आडनाव घालू नका. मोठ्या माणसाला समोरून हाक मारताना आपण नातं किंवा मान सांगतो, नाव नाही, आणि ती रीत पत्रातही पाळावी. 'तीर्थरूप' इथं नको. तो आईवडिलांचा मान. वडिलांच्या जागी मानलेल्यांना जुने लोक 'तीर्थस्वरूप' लिहीत, पण संस्थेच्या कागदावर तेही अवघडल्यासारखं दिसेल.

आदरणीयच्या पुढच्या ओळीत 'सादर नमस्कार' पुरे. 'सा.न.वि.वि.' लिहायची हौस असेल तर तेही इथं चालतं, आणि नेमकं इथंच चालतं. कारण 'सा.' म्हणजे साष्टांग, आणि तुम्ही विचारलेल्या 'स.न.वि.वि.'मधला 'स.' म्हणजे सप्रेम. एका कान्याचा फरक, पण एक पायाशी वाकतो आणि दुसरा गळ्यात हात घालतो. पुढचं 'वि.वि.' दोन्हीकडे विनंती विशेष : नमस्कार झाला, आता विशेष काय ते सांगतो. म्हणून त्याला लागून 'पत्र लिहिण्यास कारण की' आलं की तेच परत सांगितल्यासारखं होतं.

अर्थात सेलूच्या ग्रंथपालांना 'स.न.वि.वि.' अगदी बसतं. मी असतो तर लघुरूप सोडून सरळ 'सप्रेम नमस्कार,' लिहिलं असतं आणि त्याच्या वर 'श्री.' लावून त्यांचं नाव. 'प्रिय श्री.' अशी सुरुवात सरकारी अर्धशासकीय पत्रात असते. एक अधिकारी दुसऱ्या अधिकाऱ्याला नावानं लिहितो तेव्हा ती ठीक. पण ती इंग्रजीच्या वळणानं आलेली आहे. मराठी कानाला 'प्रिय' अजून घरातला वाटतो, आणि ज्यांना तुम्ही दोनदाच भेटलात त्यांना तो लिहिताना तुमचाच हात अडखळेल. सहकारी बाई असत्या तर नावाआधी 'श्रीमती' लिहा. पूर्वी त्या शब्दाला वैधव्याची छटा होती, म्हणून काही जणी अजून दचकतात. पण सरकारी कागदात तो आता सगळ्याच स्त्रियांसाठी आहे. 'सौ.' आणि 'कु.' लिहायचं तर आधी त्यांच्या घरची चौकशी करावी लागते, आणि ग्रंथप्रदर्शनाला पुस्तकं मागताना तिची काही गरज नाही.

खाली सही करताना पहिल्या पत्रात 'आपली विश्वासू', गुरुजींना 'आपली नम्र', आणि सेलूला 'आपली स्नेहांकित'. तिथं 'आपला' राहिलं नाही ना, तेवढं बघा. जुन्या पत्राची नक्कल करताना हमखास राहतं.