एका पीएनआरवर आहे का, तेवढं आधी बघा

प्रश्न: खानापूरहून आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच विमानाने निघालोय. बेळगाव–बंगळूर–कोलकाता. लेओव्हर, ट्रान्झिट, फेअर म्हणजे नेमकं काय? आणि सीट नंबर आलेला नाही, म्हणजे आम्ही वेटलिस्टवर आहोत का?

नाही, घाबरू नका. रेल्वेच्या वेटिंगची सवय असल्यामुळे हे सगळ्यांनाच वाटतं. विमानाच्या तिकिटावर पीएनआर आणि ‘Confirmed’ आलं की जागा तुमची. सीट नंबर वेब चेक-इन करताना मिळतो. आधी पैसे मागतात ते फक्त खिडकी वगैरे निवडायचे.

लेओव्हर म्हणजे आपण लोंड्याला उतरून गोव्याच्या गाडीची वाट बघतो ना, तो मधला वेळ. ट्रान्झिट म्हणजे एखाद्या विमानतळावरून नुसतं पुढे जाणं. परदेशी जाताना त्यासाठी कधी व्हिसाही लागतो. तुम्हाला त्याचं काही नाही.

खरी गोम पुढे आहे. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत का? तसं असेल तर पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं, तरी पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळे पीएनआर असतील, किंवा साइटवर ‘Self transfer’ लिहिलं असेल, तर दुसऱ्या कंपनीला तुमच्या उशिराशी देणंघेणं नाही.

मी हजारभर रुपये वाचवायला अशीच दोन सुटी तिकिटं काढली होती. बंगळूरला ११.१० ला उतरायचं, पुढचं विमान १.२० ला. म्हटलं, दोन तास दहा मिनिटं, रग्गड झाली! बेळगावच्या सांबरा विमानतळावरच पन्नास मिनिटं उशीर झाला. १२ ला उतरलो, पट्ट्यावर बॅग यायला २५ मिनिटं गेली. पुढच्या विमानासाठी बॅग जमा करायचं काउंटर विमान सुटण्याच्या ६० मिनिटं आधी, म्हणजे १२.२० ला बंद. विमान अजून तिथेच उभं होतं, पण मला कोण घेतो!

फेअरचा अर्थ मला त्या दिवशी कळला. तुम्ही भरता त्या रकमेत कंपनीचं मूळ भाडं असतं आणि वर विमानतळाचं शुल्क, कर वगैरे. विमान चुकलं की मूळ भाडं बहुधा बुडतं. पण विमानतळाचं शुल्क आणि सरकारी कर ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटावरही परत मिळतात, नियमच आहे तसा. मात्र मागावे लागतात. मी मागितले, मिळाले. नव्या तिकिटापुढे ती चिल्लरच म्हणा.

वयस्कर माणसं सोबत आहेत, तेव्हा सुटी तिकिटं स्वस्त दिसली तरी नकोच. आणि सांबऱ्याच्या काउंटरवर बॅगेला चिकटवलेली पट्टी वाचा. CCU असेल तर बॅग थेट कोलकात्याला मिळेल. नुसतं BLR दिसलं तर तिथल्या तिथे विचारा; बॅग पट्ट्यावरून आत गेली की मग बंगळूरलाच शोधावी लागते.